कॅटलॉगमधले ४०२ अँपिअर गेले कुठे? २४० ची एक केबल की १८५ च्या दोन?

कॉम्प्रेसरवाला

मंडळी, जरा डोकं खातो तुमचं. मी मूळचा मेकॅनिकलचा, पण आमचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सवाला सोडून गेल्यापासून ते लचांडही माझ्याच गळ्यात आलंय. बुटीबोरी एमआयडीसीत युनिट आहे, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नवीन कॉम्प्रेसर हाऊस होतंय. ७५ किलोवॅटचे तीन कॉम्प्रेसर, त्यातले दोन चालू आणि एक स्टँडबाय, वर ड्रायर आणि कूलिंग टॉवरचे पंप. सगळं मिळून ३०० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ धरलाय. मेन पॅनेलपासून केबलची लांबी २२० मीटर, ४१५ व्होल्ट. पॅनेलमध्ये ४०० चा एमसीसीबी ब्रेकर आहे, तो ३२० वर सेट करणार.

ठेकेदार म्हणतो साडेतीन कोअर २४० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम एक्सएलपीई इन्सुलेशनची आर्मर्ड, एक रन टाकू, विषय संपला. कॅटलॉग उघडून दाखवला, हवेत ४०२ अँपिअर. कन्सल्टंट म्हणतो १८५ च्या दोन रन टाका. आणि आमचे मालक म्हणतात कन्सल्टंटचं केबलवाल्याशी साटंलोटं आहे.

केबल जुन्या ट्रेवरूनच जाणार, पर्फोरेटेड ट्रे आहे, पत्र्याच्या खाली साधारण चार फुटांवर. त्यावर आधीच पाच केबल आहेत, एकमेकींना चिकटून पडलेल्या.

४०२ ची केबल ३०० ला कमी कशी पडते, हे मला मालकांना मराठीत समजावता यायला हवं. मदत करा.

तारतम्य

मे महिन्यात नागपूरकडचा माणूस दुपारी बारा ते चार निम्म्या ताकदीवर चालतो, केबलने काय पाप केलंय. बाकी जाणकार येतीलच, मी ताक घेऊन बसलोय.

ओहमशांती

सोपं आहे. ५० डिग्रीला एक्सएलपीईचा फॅक्टर ०.८२, सहा केबल चिकटून म्हणजे ०.७६. गुणाकार करा, ४०२ चे २५० राहिले. २४० फेल.
व्होल्टेज ड्रॉप मात्र पास होतो. २४० चा रेझिस्टन्स कॅटलॉगमध्ये किलोमीटरला ०.१२५ ओहम आहे, तो टाकला तर साडेसोळा व्होल्ट येतात, म्हणजे ४ टक्के. लिमिट ५ टक्के आहे. म्हणजे फक्त ट्रेचं काहीतरी करा, दोन रनची गरज नाही.

शिवार

माझा पण व्होल्टेजचाच प्रॉब्लेम आहे म्हणून इथेच विचारतो. विहिरीवर ५ एचपीची मोटर, पोलापासून ३५० मीटर, अडीच स्क्वेअरची कॉपर केबल टाकलीय. मोटर घूं घूं करते आणि दोनदा जळाली. केबल बदलू का?

सबस्टेशन_आजोबा

ओहमशांती, तुमचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं ते सांगतो, पण आधी धागाकर्त्याला.

कॅटलॉगमधला ४०२ हा खोटा आकडा नाही, फक्त तो एकट्या केबलचा आहे. हवा ४० डिग्री, आजूबाजूला कुणी नाही, वर ऊन नाही, अशा केबलमधून ४०२ अँपिअर कायम वाहिले तर तिची तार ९० डिग्रीला जाऊन स्थिरावते. एक्सएलपीईला कायमचे ९० डिग्री चालतात, म्हणून तो आकडा. म्हणजे केबलकडे तापायला ४० ते ९० अशी ५० डिग्रीची जागा होती. तुमच्या पत्र्याखाली हवाच ५० ची असेल तर जागा उरली ४० डिग्री. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ४० भागिले ५० चं वर्गमूळ काढा, ०.८९ येतं. हा झाला टेंपरेचरचा फॅक्टर, तक्ता न बघता.

आता शेजारणी. पाच केबल आधीच गरम आहेत आणि त्यांना चिकटून सहावी झोपणार. पर्फोरेटेड ट्रेवर एका थरात सहा चिकटलेल्या केबलना ०.७६ लावतात. ४०२ गुणिले ०.८९ गुणिले ०.७६ म्हणजे २७२. तुम्हाला ३०० पाहिजेत. मालकांना एवढंच सांगा की बस ५२ सीटर आहे हे खरं, पण आत आधीच माणसं बसलीत आणि एसी बंद आहे.

आणि गंमत पुढे आहे. ही केबल टाकलीत तर लगेच काहीही होणार नाही. ३०० अँपिअरला तार साधारण ९८-९९ डिग्रीला राहील. ब्रेकर ३२० वर सेट आहे, तो चकार शब्द काढणार नाही, कारण त्याला फक्त करंट दिसतो, ट्रेवरचं ऊन दिसत नाही. केबल मुकाट्याने म्हातारी होत राहील. म्हणून केबलची सगळे फॅक्टर लावून उरलेली क्षमता नुसत्या लोडपेक्षा नाही, तर ब्रेकरच्या सेटिंगपेक्षा जास्त पाहिजे. इथे ३२०.

ओहमशांती

आजोबा, फॅक्टर ०.८९ कसा? माझ्याकडच्या तक्त्यात ५० डिग्रीला स्पष्ट ०.८२ लिहिलंय. फोटो टाकू का?

दोहाकर

फोटो नको, ओळखलं मी. तुझा तक्ता आयईसी या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा आहे, त्यात हवा ३० डिग्री धरून सुरुवात आहे. ३० पासून ९० पर्यंत साठची जागा, ५० ला उरतात चाळीस, वर्गमूळ ०.८२. भारतातल्या केबल कंपन्यांचे अँपिअर ४० डिग्रीवर दिलेले असतात. तू भारतातला आकडा घेतलास आणि फॅक्टर तिकडचा लावलास, म्हणजे एकच उन्हाळा दोनदा मोजलास.

उलटं केलं तर जास्त वाईट. मी इथे आलो तेव्हा युरोपातल्या कंपनीचा कॅटलॉग होता, ३० डिग्रीवरचा, आणि आमच्या एका पोराने सवयीने ०.८९ लावला. कागदावर केबल पास, प्रत्यक्षात आठ टक्के कमी. ते तपासणीत पकडलं गेलं म्हणून बरं. आकडा आणि फॅक्टर एकाच घरचे पाहिजेत, एवढं बघा.

अजून एक घोळ म्हणजे ४० डिग्रीवरच्या पीव्हीसी केबलला ५० ला पण ०.८२ च येतो (३० पैकी २० उरतात). त्यामुळे ०.८२ बघितल्यावर माणूस बिनधास्त होतो, कुठल्यातरी तक्त्यात पाहिलेला असतोच तो.

ओहमशांती

_प्रतिसाद काढून टाकला आहे_

तारतम्य

अरेरे, काय लिहिलं होतं ते वाचलं होतं मी :)

फेरूल

साइटवरचा माणूस म्हणून सांगतो, ट्रेवर केबल चिकटवून टाकायची जबरदस्ती कुणी केलीय? दोन केबलमध्ये एका केबलच्या जाडीइतकी फट ठेवा, सहा केबलचा फॅक्टर ०.७६ वरून ०.९१ वर जातो. ४०२ गुणिले ०.८९ गुणिले ०.९१ = ३२६. ब्रेकर ३२०. २४० ची एक रन पास! खर्च फक्त ट्रे रुंद करायचा.

कॉम्प्रेसरवाला

@फेरूल वा, हे मालकांना आवडेल. ट्रे ६०० एमएम रुंदीचा आहे. आणि आजोबा, पाचपैकी एक केबल फायर पंपाची आहे, ती वर्षातून टेस्टिंगलाच चालते. ती पण मोजायची का?

सबस्टेशन_आजोबा

फायर पंपाची सोडून द्या. जी केबल तिच्या ग्रुपमधल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी करंट वाहते ती मोजली नाही तरी चालतं, असं आयईसीचा नियमही म्हणतो. पण त्यातून हाती काय लागतं बघा. सहाच्या पाच केल्या तर ०.७६ चं ०.७७-०.७८ होईल. सगळ्यात मोठा दणका पहिल्या शेजारणीचा असतो, एकाच्या दोन झाल्या की १ वरून थेट ०.८८. पुढे पुढे घसरण मंदावते. त्यामुळे एका केबलसाठी भांडण्यात अर्थ नाही.

फेरूलचं म्हणणं गरमीपुरतं बरोबर आहे. पण ६०० च्या ट्रेवर ते बसतं का ते मोजा. २४० ची साडेतीन कोअर आर्मर्ड जाडीला साधारण दोन इंच, थोडी वरच. अशा सहा आणि मध्ये तेवढ्याच फटी, म्हणजे ट्रे अपुरा पडणार. आणि समजा ७५० चा केलात. पाच वर्षांनी त्या फटीत सीसीटीव्हीवाला, फायर अलार्मवाला आणि कुणाची तरी टेंपररी केबल नांदत असेल. मी रिटायर होईपर्यंत एकही ट्रे असा पाहिला नाही जो ड्रॉइंगसारखा राहिला. थरावर थर पडून जुडी झाली की सहा केबलचा फॅक्टर ०.५७ वर येतो.

आता व्होल्टेज. ओहमशांतीनी ०.१२५ घेतला तो २० डिग्रीचा रेझिस्टन्स. २० डिग्रीची केबल नागपुरात जानेवारीत पहाटे, तीही बंद असताना. ९० डिग्रीला अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स सव्वापटीहून जास्त होतो, २४० साठी ०.१६. शिवाय रिअ‍ॅक्टन्स साधारण ०.०७२.

```
√3 × I × L × (R cosφ + X sinφ)
√3 × 300 × 0.22 × (0.16×0.85 + 0.072×0.527) ≈ 19.9 V
```

४१५ वर ४.८ टक्के. म्हणजे फट ठेवून गरमी सांभाळलीत तरी ५ पैकी ४.८ या एकाच केबलने खाल्ले. ती ५ ची मर्यादा सप्लायपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत सगळी मिळून आहे. कॉम्प्रेसर हाऊसच्या पॅनेलपासून मोटरपर्यंतच्या केबलला काय ठेवलंत? ०.२?

ओहमशांती

मान्य, गरम रेझिस्टन्स घ्यायला हवा होता. पण ५ टक्के त्यांना लागूच कशाला होतात? यांचा एचटी सप्लाय असणार, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. आयएस ७३२ च्या नव्या आवृत्तीत खासगी सप्लायला लाइटिंगसाठी ६ आणि बाकीला ८ टक्के आहेत. मग ४.८ अधिक मोटरच्या केबलचा एक-दीड, आरामात बसतं.

दोहाकर

हे बरोबर बोलतोय तो. पण ८ वापरणारे कन्सल्टंट मी फार पाहिले नाहीत, फीडरला अडीच-तीन आणि शेवटच्या सर्किटला दोन असंच वाटून घेतात.

सबस्टेशन_आजोबा

८ चा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. फीडरला ३ हा कुठला कायदा नाही, ती आपली वाटणी आहे. तरी मी वाटणीच्या बाजूचा.

ओहमशांती

आणि मी ८ च्या बाजूचा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक घर वर घेतला की झालं.

सबस्टेशन_आजोबा

आणि रविवारी प्लँट बंद असताना ऑफिसचे दिवे आणि कॉम्प्युटर ४४० वर भाजू द्यायचे? असो. या विषयावर माझं घरी पण कुणाशी जमलं नाही.

शिवार

माझ्या मोटरचं कुणी सांगेल का

फेरूल

सांगतो दादा. अडीच स्क्वेअरमध्ये साडेसात अँपिअरला ३५० मीटरवर २९ व्होल्टच्या आसपास जातात, म्हणजे ७ टक्के, हे जास्तच आहे. ४ स्क्वेअर टाकलीत तर १८ जातील. पण त्याआधी एक करा, मोटर चालू असताना पोलाशी व्होल्टेज मोजा आणि मग मोटरशी मोजा. मधला फरक तुमच्या केबलचा. पोलावरच ३४० येत असतील तर सोन्याची केबल टाकलीत तरी मोटर जळणार, ते भांडण वीज कंपनीशी आहे. आणि तिन्ही फेजचं मोजा, एकाच जोडीचं मोजून येऊ नका.

शिवार

पोलावर ३५५, ३६०, ३१० भरतंय. मोटरशी अजून वीस-पंचवीस कमी.

फेरूल

बघा, मग केबल नंतर. एक फेज मेलेला आहे तुमचा. डीपीवर जंपर नाहीतर फ्यूजचा लफडा असणार. आधी ते करून घ्या, आणि तोवर मोटरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा.

कॉम्प्रेसरवाला

परत माझ्याकडे या हो :) कपॅसिटर कॉम्प्रेसर हाऊसमध्येच बसवले तर? पॉवर फॅक्टर ०.९८ झाला की करंटच कमी होईल ना?

सबस्टेशन_आजोबा

चांगला प्रश्न. ३०० चे २६० होतील, गरमीला चांगलाच फायदा. पण ड्रॉप ४.८ वरून ४.१ एवढाच येतो, कारण या केबलमध्ये ड्रॉप मुख्यतः रेझिस्टन्सचा आहे आणि काम करणारा करंट तर तेवढाच राहतो. कपॅसिटर तिकडेच बसवा, नक्की बसवा, पण केबल त्यांच्या भरवशावर बारीक करू नका. पावसाळ्यात कपॅसिटर पॅनेलच्या दोन स्टेज उडाल्या की पुन्हा ३००.

आता दोन रनचं. १८५ ची एक केबल कॅटलॉगमध्ये ३३९. ट्रेवर आता सात होतील, फॅक्टर ०.७५ धरा. दोन मिळून ३३९ गुणिले २ गुणिले ०.८९ गुणिले ०.७५ म्हणजे ४५२. ड्रॉप ९० डिग्रीचा रेझिस्टन्स धरून ३ टक्के. प्रत्यक्षात अजून कमी, कारण ४५२ च्या केबलमधून ३०० वाहिले तर तार ९० ला जातच नाही, ६७-६८ ला थांबते. तेवढ्या तापमानाचा रेझिस्टन्स घेतला की २.८.

कुणी म्हणेल ४०० ची एकच टाका. गरमीला पास आहे, पण ड्रॉप ३.४ येतो. १८५ च्या दोन म्हणजे ३७० चं अ‍ॅल्युमिनियम, ४०० पेक्षा कमी, तरी ड्रॉप कमी. दोन समांतर केबलचा रिअ‍ॅक्टन्स निम्मा होतो म्हणून.

फेरूल

आणि ४०० ची साडेतीन कोअर आर्मर्ड वाकवून दाखवा कुणीतरी. आमच्याकडे सहा माणसं आणि एक चेन ब्लॉक लागला होता, शिवाय ४०० च्या एमसीसीबीच्या टर्मिनलवर तिचा लग मावत नाही. स्प्रेडर लावावा लागतो.

पण दोन रनची काळी बाजू मी सांगतो, कारण मला ती नडलीय. एका साइटवर दोन समांतर केबल होत्या, ब्रेकर ट्रिप नाही, काही नाही, फक्त पॅनेलजवळ गेलं की वास यायचा. आधी वाटलं उंदीर मेलाय. क्लॅम्प मीटर एकेका केबलच्या एकेका फेजला लावून बघितलं तर आर फेजमध्ये एका केबलला २१५ आणि दुसऱ्या केबलला ८०. बाकी दोन फेज सारखे. ८० वाल्या केबलचा पलीकडचा लग नीट क्रिंप झाला नव्हता, हाताने हलत होता, खालची पट्टी निळी पडली होती. त्यामुळे सगळा भार दुसरीवर. ब्रेकरला एकूण २९५ च दिसत होते, तो खूष.

तेव्हा दोन रन टाकल्यात तर लांबी दोन्हींची सारखी कापा, एकीचा गुंडाळा पॅनेलमागे टाकू नका. आणि चालू केल्यावर आठवड्यात सहाही तारांचा करंट वेगवेगळा मोजून वहीत लिहा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तेवढंच असतं.

दोहाकर

@फेरूल आणि लगवरून आठवलं. एक्सएलपीईची तार ९० ला चालते म्हणून ब्रेकरचं टर्मिनल पण ९० ला चालतं असं नाही. पूर्ण ९० वर चालवलेली केबल ब्रेकरला उलटी गरम करते आणि मग लोक म्हणतात ब्रेकर विनाकारण ट्रिप होतो. ६८ डिग्रीची केबल तिथेही सुखाची.

कॉम्प्रेसरवाला

मालकांना बसचं उदाहरण सांगितलं. म्हणाले, "मग बस मोठी घे, दोन कशाला." :( व्होल्टेज ड्रॉप, टक्के, यावर ते जांभई देतात.

तारतम्य

मालकांना टक्के नाही, रुपये सांगायचे असतात. एवढं मला इलेक्ट्रिकल न येताही कळतं.

सबस्टेशन_आजोबा

तारतम्य यांनी ताक पिऊन शहाणपणाचं लिहिलं. केबलमध्ये गेलेले व्होल्ट बिलात येतातच. २४० च्या एका रनमध्ये ३०० अँपिअरला साडेनऊ किलोवॅट नुसती ट्रे गरम करण्यात जातात. १८५ च्या दोनमध्ये ५.८. फरक ३.७ किलोवॅट. तुमचे कॉम्प्रेसर वर्षाला किती तास पूर्ण लोडवर असतात आणि युनिट कितीला पडतं?

कॉम्प्रेसरवाला

तीन शिफ्ट आहेत, सहा हजार तास धरा. युनिट आम्हाला सगळं मिळून ८ च्या आसपास पडतं.

सबस्टेशन_आजोबा

म्हणजे बावीस हजार युनिट, पावणेदोन लाख रुपये. दरवर्षी. ठेकेदाराला दोन्ही पर्यायांचं लग, ग्लँड, मजुरीसकट लेखी कोटेशन मागा आणि मधल्या फरकाला पावणेदोन लाखांनी भागा.

ओहमशांती

हे मात्र आवडलं. ८ टक्क्यांचा माझा मुद्दा कागदावर अजून खरा आहे, पण मालक असतो तर मी पण दोन टाकल्या असत्या. वाचनखूण साठवली आहे.

कॉम्प्रेसरवाला

अपडेट. शनिवारी दुपारी अडीचला शिडी लावून ट्रेच्या बाजूला थर्मामीटर टांगला, अर्धा तास ठेवला. ५४ डिग्री. खाली जमिनीवर ४३ होते. आपण सगळे ५० धरून बसलो होतो.

फेरूल

५४ ला फॅक्टर ०.८५. माझी फट ठेवलेली २४० आता ३११ वर आली, ब्रेकर ३२०. माझा सल्ला मी मागे घेतो. १८५ च्या दोन अजून ४३० च्या आसपास आहेत.

दोहाकर

आता जमिनीतून नेण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येईलच, म्हणून आधीच सांगतो. जमीन ३० डिग्री धरतात, पण २४० चा जमिनीतला आकडा हवेतल्यापेक्षा कमी असतो. आणि तुमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून कोरडी ठक्क होते, कोरडी माती उष्णता नीट सोडत नाही.

कॉम्प्रेसरवाला

जमिनीतून नाही. मालकांनी कोटेशन मागितलंय, भागाकार स्वतः करणार म्हणतात. १८५ च्या दोन जवळपास नक्की, पण त्यांना अजून एक शंका आहे. पत्र्याला आतून इन्सुलेशन लावलं तर ट्रेजवळचं तापमान किती उतरेल? कुणी शेडला लावून आधी-नंतर मोजलंय का?

शिवार

माझा फेज आला. डीपीवरचा फ्यूज होता, लाइनमनने दहा मिनिटांत बसवला. मोटरशी ३४० भरतंय आता. ४ स्क्वेअर दिवाळीनंतर.